चकलीच्या पानावर वाचक कुठे अडतो?

समजा, एका गृहिणीच्या छोट्या ब्लॉगवर भाजणीच्या चकलीची कृती आहे. दिवाळीच्या तोंडावर रोज पन्नासेक जण ते पान उघडतात, एवढं तिला कळतं. उघडल्यावर पुढे काय होतं, ते मात्र कळत नाही. ते कळावं म्हणून दोन सोयी आहेत: हीटमॅप आणि सेशन रेकॉर्डिंग. मायक्रोसॉफ्टच्या क्लॅरिटीमध्ये त्या दोन्ही फुकट मिळतात. पानात एक छोटा कोड चिकटवला की काम सुरू होतं.

हीटमॅप म्हणजे सगळ्यांच्या वावराचा पानावर उमटलेला रंगीत नकाशा. त्यातला स्क्रोलचा नकाशा आधी उघडावा. किती टक्के लोक पानाच्या कोणत्या भागापर्यंत उतरले, हे तो सांगतो. खाली जाता जाता आकडा हळूहळू घटणारच, त्याची काळजी करू नये. एखाद्या जागी तो एकदम कोसळतो, तिथे थांबून बघावं. आपल्या पानावर साहित्याच्या यादीआधी तळणीचा भलामोठा फोटो आहे आणि त्याखाली बरीच पांढरी जागा आहे. मोबाइलवर तो फोटो अख्खा पडदा व्यापतो, त्यामुळे पान इथेच संपलं असं वाटतं. संगणकावर हा घोळ दिसतही नाही. म्हणून मोबाइलचा नकाशा वेगळा पाहायचा.

टॅपच्या नकाशातले रंग मात्र जरा फसवे असतात. लाल म्हणजे ‘खूप’ नव्हे, तर ‘या पानावर सगळ्यात जास्त’. एकूण वीसच टॅप झाले असतील तर त्यातल्या पाचांनीही ठिपका लालभडक होतो. छोट्या ब्लॉगवाल्याने रंगाआधी आकडा वाचावा. आणि खरं सांगायचं तर वाचक कमी असताना नकाशापेक्षा रेकॉर्डिंगच जास्त उपयोगी पडतं.

रेकॉर्डिंग म्हणजे वाचकाचा चेहरा किंवा त्याच्या फोनचा व्हिडिओ नव्हे. पानाची रचना, स्क्रोल आणि टॅप यांची नोंद ठेवून तो प्रवास नंतर पुन्हा उभा केला जातो. आता एक रेकॉर्डिंग पाहू. वाचक साहित्य वाचतो, कृतीकडे येतो, ‘मोहन घालून उकड काढा’ या ओळीशी थांबतो. झटकन वर साहित्याकडे जातो, परत खाली येतो, पुन्हा वर. शोध कसला चाललाय ते उघड आहे: मोहन किती? यादीत ‘तेल’ एवढंच लिहिलंय. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की कडक होते, म्हणजे प्रश्न रास्तच आहे. असा वर-खाली हेलपाटा तीन-चार रेकॉर्डिंगांत त्याच ओळीशी दिसला, की प्रमाण तिथल्या तिथे लिहून टाकावं.

दुसरी खूण निष्फळ टॅपची. ‘भाजणी’ हा शब्द ठळक आणि अधोरेखित केलाय. लोकांना ती लिंक वाटते, ते दाबतात, काहीच होत नाही. क्लॅरिटी असे टॅप वेगळे काढून दाखवतं. उपाय सोपा आहे: भाजणीच्या कृतीची लिंक खरंच द्यायची.

थांबलेला प्रत्येक जण गोंधळलेलाच असतो असं नाही. पाच मिनिटं पडदा हलला नाही, तर बाई कदाचित कढईपाशी असतील. अर्ध्यातून गेलेल्याला हवं ते प्रमाण मिळालंही असेल. रेकॉर्डिंग पाहताना निष्क्रिय वेळ गाळण्याची सोय सुरू असेल तर हे थांबणं दिसतच नाही. आपण कोणती ओळ पाहायला बसलोय, हे आधी ठरवावं. नाहीतर अनोळखी बोटांची सरकासरक बघत संध्याकाळ जाते. आपल्या स्वतःच्या भेटीही वगळायच्या असतात. घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता बंद करता येतो, पण मोबाइल डेटाचा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे आपणच मधूनमधून ‘वाचक’ म्हणून उगवतो.

ही पाळत आहे, हेही विसरू नये. २०१७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की अशा काही साधनांतून लोकांनी रकान्यांत टाइप केलेली खाजगी माहितीही बाहेर जात होती. म्हणून शेरे आणि ईमेलचे रकाने झाकलेले आहेत ना, हे स्वतः एक रेकॉर्डिंग उघडून तपासावं. असं साधन वापरतो, हे वाचकांना ब्लॉगवर स्पष्ट सांगावं आणि त्यांची संमती घ्यावी.

दुरुस्तीनंतर नकाशा पाहताना तारीख दुरुस्तीच्या दिवसापासूनची निवडावी, नाहीतर जुने टॅप नव्यात मिसळतात. आणि दिवाळीआधीच्या आठवड्याची तुलना फेब्रुवारीशी करू नये. दिवाळीत येणाऱ्याने बहुधा भाजणी भिजवायला घेतलेली असते, फेब्रुवारीतला नुसता चाळत असतो.