वर्षभरात ज्ञानेश्वरी

ज्ञानेश्वरीत सुमारे ९००० ओव्या आहेत. रोज २५ वाचल्या तर वर्ष जेमतेम पुरतं. पाहुणे, ताप, लग्नकार्य यांना जागाच उरत नाही. म्हणून रोज ३० धरा. साधारण ३०० दिवसांत ग्रंथ संपतो आणि दोन महिने हाताशी राहतात.

तपासणी मार्च, जून, सप्टेंबरअखेर ठेवा, पण अध्याय मोजू नका. पहिले सहा अध्याय झाले की तिसरा हिस्सा संपल्यासारखं वाटतं; प्रत्यक्षात पाचवाच झालेला असतो. एकट्या अठराव्यात सुमारे १८०० ओव्या आहेत! मार्चअखेर २२५०ऐवजी २००० झाल्या, तरी रोजच्या ३० वाढवू नका. उरलेल्या ७००० ओव्यांना २३४ दिवस लागतील आणि हाती २७५ आहेत.