स्वल्पविरामाने अडवलेल्या 5,688 नोंदी

समजा, रात्री चालणाऱ्या पायथन स्क्रिप्टला सीएसव्ही फाइलमधल्या 10,000 नोंदी भरायच्या आहेत. 4,312व्या नोंदीत रक्कम `"1,25,000"` अशी आहे. `float()`ला स्वल्पविराम चालत नाही. `ValueError` येतो, तो कुणी पकडत नाही आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. पुढच्या 5,688 नोंदी वाचल्याच जात नाहीत.

पायथन मात्र गप्प नसतो. तो त्रुटीचा तपशील `stderr`वर छापतो, एक्झिट कोड 1 देतो. क्रॉनच्या ओळीत `2>/dev/null` लिहिलेले असेल, तर हा तपशील नाहीसा होतो. आधीच्या नोंदी एकेक करून कमिट झालेल्या असतील, तर सकाळी तक्ता भरलेला दिसतो. म्हणूनच ही चूक धोकादायक.

`try` लूपच्या आत हवा, बाहेर नव्हे. बाद नोंद ओळ क्रमांकासह वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि भरलेल्या व बाद नोंदींची बेरीज रोज मूळ संख्येशी ताडून पाहा.