निळ्या रंगावरून फॉस्फेट किती?

रंकाळा तलावावर जलपर्णी पसरली की सांडपाण्यातल्या फॉस्फेटकडे बोट जातं. पण फॉस्फेटला रंग नाही, मग ते मोजतात कसं?

गाळलेल्या पाण्यात आम्ल, अमोनियम मॉलिब्डेट आणि ‘क’ जीवनसत्त्व घालतात. फॉस्फेट असेल तर पाणी निळं होतं. किती प्रकाश शोषला गेला, हे उपकरण सांगतं. समजा, आकडा आला ०.४०. हे फॉस्फेट किती? उपकरणाला ते ठाऊक नसतं.

म्हणून आधी फूटपट्टीवर खुणा कराव्यात तशी ज्ञात द्रावणं मोजायची. लिटरला ०, ०.२, ०.४, ०.८ आणि १ मिलिग्रॅम फॉस्फरसची द्रावणं साधारण ०.०१, ०.१५, ०.२६, ०.५४ आणि ०.६६ दाखवतात. हे ठिपके आलेखावर तंतोतंत एका रेषेत बसत नाहीत, कारण मापताना थेंबभर चूक होतेच. म्हणून सर्व ठिपक्यांपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल, अशी रेषा काढतात. आता ०.४० वरून आडवं जाऊन रेषेला भिडायचं आणि खाली उतरायचं. उत्तर येतं लिटरला ०.६ मिलिग्रॅम फॉस्फरसच्या आसपास.

नमुना १.२ दाखवू लागला तर रेषा पुढे ओढायचा मोह आवरावा. तिथे रसायन अपुरं पडून रेषा वाकू शकते. ताजा नमुना पाचपट पातळ करून, रंग आणून पुन्हा मोजावा आणि उत्तराला पाचने गुणावं.

गाळूनही उरलेला गढूळपणा मात्र रेषेला कळत नाही. तोही प्रकाश अडवतो आणि फॉस्फेट उगाच जास्त दिसतं. म्हणून नमुन्याचा एक भाग रसायनाविना मोजून तो आकडा वजा करतात.