तिघांची आई आणि एकच तक्ता

मंडळी, आज कर्तव्याचा विचार आपण एका साध्या गोष्टीवरून करणार आहोत. आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि मुलं तीन गावांत आहेत. समजा, आई सांगलीत धाकट्या मुलीकडे आहे, थोरला मुलगा बंगळुरूला, मधला पुण्याला. तिघांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. तरी घोटाळे होतातच. का होतात, ते पाहू.

ग्रुपवर पुण्याहून प्रश्न येतो, ‘आईला गोळी दिली का?’ सांगलीहून उत्तर येतं, ‘हो.’ आता हे ‘हो’ कोणत्या गोळीचं? सकाळच्या की दुपारच्या? शिवाय बहिणीने स्वतः दिली, की मावशींना द्यायला सांगितली? सांगणं आणि देणं ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. गप्पांच्या ओघात त्या एक होऊन जातात. रक्त पातळ करणारी गोळी ह्या गोंधळात दोनदा गेली, तर ते धोक्याचं ठरू शकतं.

म्हणून औषधांसाठी गप्पांपासून वेगळी अशी नोंद हवी. तिघांना दिसणारी एक गूगल शीट पुरते. प्रत्येक मात्रेला एक ओळ: तारीख, वेळ, औषध, किती, कोणी दिलं. नियम एवढाच की, गोळी आईच्या घशाखाली उतरल्यावर, जिने ती दिली तिनेच तिथल्या तिथे खूण करायची. त्यासाठी खोलीत एक जुना फोन शीट उघडून ठेवावा, म्हणजे मावशींनाही सोपं जातं. डॉक्टरांनी मात्रा बदलली तर जुना आकडा खोडायचा नाही. ती ओळ ‘बंद’ लिहून सोडायची आणि नवी ओळ तारखेसह सुरू करायची. नाहीतर परवा काय चालू होतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता, खुणा खऱ्या आहेत हे कसं ओळखायचं? पाकिटातल्या गोळ्या मोजायच्या. पंधरा गोळ्यांची पट्टी, दिवसाला दोन. सहा दिवसांनी तीन उरल्या पाहिजेत. पाच उरल्या असतील आणि तक्ता पूर्ण भरलेला असेल, तर दोन खुणा खोट्या आहेत. अविश्वास म्हणून हे करायचं नाही. दमलेला माणूस रात्री बसून दिवसभराच्या खुणा एकदम करतो, हे आपण गृहीतच धरलं पाहिजे. शीटची ‘व्हर्जन हिस्टरी’ संगणकावर उघडली, की बदल केव्हा झाले तेही दिसतं.

खर्चाचं गणित त्या मानाने सोपं वाटतं. महिन्याला मावशींचे १८,०००, डायपरचे ३,०००, औषधांचे ४,२०० आणि फिजिओथेरपीचे ४,८००, म्हणजे एकूण ३०,००० रुपये धरू. मिळकत पाहून थोरल्याने ५०, मधल्याने ३० आणि बहिणीने २० टक्के उचलायचे ठरले. स्प्लिटवाइजसारख्या ॲपमध्ये असे टक्के घालता येतात. मावशी आणि डायपर यांचे २१,००० बहिणीने रोख दिले. औषधं पुण्याच्या भावाने मागवली, फिजिओथेरपीचे थोरल्याने भरले. बहिणीचा वाटा ६,०००, म्हणून तिला १५,००० परत मिळायचे: थोरल्याकडून १०,२००, मधल्याकडून ४,८००. हिशेब चोख आहे.

पण न्याय्य आहे का? इथे जरा थांबू या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आईची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. मावशी रात्री आठला घरी जातात. मग बाराला, दोनला, चारला कोण उठतं? बहीण. कामांच्या यादीत त्या तीन खुणा आहेत, खर्चाच्या ॲपमध्ये मात्र शून्य. ॲपला जे विकत घेतलं तेच दिसतं, आणि हळूहळू भावांनाही तेवढंच दिसू लागतं. पैसे दिले म्हणजे फिटलं, असं वाटायला लागतं.

ह्यावर उपाय असा. रात्रीच्या मदतनीस बाई गावात जे घेतात, समजा ६०० रुपये, ते रोज बहिणीच्या नावावर खर्च म्हणून लिहायचे. महिन्याचे १८,००० होतात. कोणी म्हणेल, आईच्या सेवेची किंमत करता? आम्ही म्हणू, सेवेची नाही, झोपेची. ती रक्कम तिला द्यायचीच असंही नाही. पण आकडा समोर आला, की महिन्यातल्या दहा रात्रींसाठी बाई ठेवावी का, थोरल्याने सुट्टी काढून आठवडाभर यावं का, ही चर्चा सुरू होते. बहिणीला स्वतःच्या तोंडाने ते मागावं लागत नाही.

कूस बदलूनही एखादी जागा लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावर ती लाली जात नसेल, तर तक्त्यात लिहून थांबायचं नाही. त्याच वेळी डॉक्टरांना फोन करायचा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतं का, ते बघायचं. ते कळायला खोलीत माणूसच असावं लागतं. पुण्याच्या आणि बंगळुरूच्या पडद्यावर तो हात येत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.