निवडचाचणीला दिलेला नकार

एप्रिलमध्ये ऑकलंड येथील भीमजयंतीच्या कार्यक्रमात आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने एक भीमगीत गायिले. त्याची चित्रफीत बरीच फिरली आणि काही आठवड्यांनी एका दूरचित्रवाणी गायनस्पर्धेच्या निवडचाचणीचे निमंत्रण आले. घरात आनंद झाला. चार दिवसांनी आम्ही नकार कळवला. असे निमंत्रण उद्या आणखी कोणाच्या घरी येईल, म्हणून त्याची कारणे येथे मांडत आहोत.

निमंत्रण म्हणजे निवड नव्हे. परीक्षकांसमोरचा जो प्रसंग पडद्यावर दिसतो, त्यापूर्वी निर्मात्यांची फेरी होते आणि तेथे आवाजाइतकीच स्पर्धकाची कहाणी पाहिली जाते. अर्जात प्रश्न होता : कुटुंबाने कोणता संघर्ष केला? आम्ही मराठवाड्यातील आजोबांविषयी तीन ओळी लिहिल्या आणि थांबलो. मुलगी म्हणाली, "मला गायचंय. पण आजोबांबद्दल विचारलं तर मी काय सांगू?" आजोबांनी सोसलेले तिच्या गाण्याची प्रस्तावना व्हावे, हे आम्हाला मान्य नव्हते.

दुसरे कारण संमतिपत्राचे. चित्रण हवे तसे कापण्याचा, जोडण्याचा आणि जगभर, कोणत्याही माध्यमातून, कालमर्यादेविना वापरण्याचा अधिकार त्यात मागितला होता. जातीविषयीचे बोलणे वगळता येईल का आणि प्रसारणापूर्वी संकलन पाहता येईल का, असे आम्ही लेखी विचारले. उत्तर नम्र होते : तसे आश्वासन देता येत नाही.

न्यूझीलंडमधील 'द एक्स फॅक्टर'चा 2015 मधील प्रसंग आठवला. नतालिया किल्स व विली मून या परीक्षकांनी थेट प्रक्षेपणात एका स्पर्धकाचा पेहरावावरून अवमान केला. दोघांना लगेच काढून टाकण्यात आले. पण तोवर तो अपमान देशाने पाहिला होता. येथील प्रसारण मानकांनुसार सोळा वर्षांखालील मुलांच्या खासगीपणाबाबत पालकांची संमती पुरेशी ठरत नाही. प्रसारकाला मुलाचे हितही पाहावे लागते. परंतु तक्रार करता येते ती प्रसारण झाल्यावर. सहीपूर्वीचा निर्णय मात्र आपल्या हाती असतो.

नकाराचे पत्र तीन वाक्यांचे होते : निमंत्रणाबद्दल आभार, आमची मुलगी चाचणीस येणार नाही, आम्ही पाठवलेली माहिती कृपया काढून टाकावी. कारण मुद्दाम लिहिले नाही, कारण दिले की त्यावर तोडगा सुचवला जातो. तरीही दूरध्वनी आला, तेव्हा आम्ही तीच वाक्ये पुन्हा सांगितली.

त्या रात्री मुलगी रडली, हे लपवत नाही. शाळेतील मैत्रिणींना काय सांगायचे, हा तिचा प्रश्न खरा होता. "मला बोलावलं होतं, मी गेले नाही," असे ती सांगते. एवढेच सांगायचे, बाकीचे नाही, हे तिने स्वतः ठरवले.