भाचा फुकट नेतो, मग तुम्हाला पैसे कशाचे?

डोंबिवलीतली एक सोसायटी घ्या. तिथल्या एका बाईंनी नवं काम सुरू करायचं ठरवलं आहे. आपण त्यांना सुनंदाताई म्हणू. घरात एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना डॉक्टरकडे घेऊन जायचं, तपासणी होईपर्यंत सोबत थांबायचं आणि औषधं घेऊन घरी आणून सोडायचं, असं हे काम. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांना माझा भाचा नेतो की. तो कुठे पैसे घेतो?" सुनंदाताईंनी मनात धरलेला दर तिथेच खाली आला. पाचशे सांगायचे होते, तोंडातून तीनशे निघाले.

घरगुती सेवेचा पहिला दर बहुतेकदा असाच ठरतो. धोबी दुसऱ्या धोब्याकडे पाहून दर लावतो. इथे समोर दुसरा धंदेवाला नसतो, नातेवाईक असतो, आणि त्याचा दर शून्य. शून्याच्या शेजारी कुठलाही आकडा महागच दिसतो. म्हणून दर ठरवताना आधी शेजाऱ्यांचं बोलणं बाजूला ठेवून आपला हिशेब मांडावा लागतो.

तो असा. अकराची अपॉइंटमेंट असेल तर दहाला निघायचं आणि परतायला दोन वाजतात. म्हणजे चार तास. आदल्या रात्री फोन करायचा, फाइल तारखेप्रमाणे लावायची, उपाशीपोटी तपासणी असेल तर आठवण द्यायची, घरी आल्यावर डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहून मुलाला व्हॉट्सॲपवर कळवायचं. स्वतःचं जाणं-येणं धरून आणखी एक तास. एकूण पाच तास झाले. डॉक्टरांच्या वेळा सकाळच्या असल्या की दिवसाला असं एकच काम होतं. महिन्याचे वीस दिवस धरले आणि रद्द होणारी कामं वजा केली, तर पैसे मिळणाऱ्या सोळा फेऱ्या उरतात.

एका फेरीमागे स्वतःचा प्रवास, फोन वगैरे ८० रुपये खर्च समजू. ३०० रुपये दर ठेवला तर हातात उरतात २२० रुपये. सोळा फेऱ्यांचे झाले ३,५२०. ऐंशी तासांच्या कामाला तासाचे ४४ रुपये पडले. सुनंदाताईंना घरात महिन्याला निदान १२,००० यायला हवे असतील, तर फेरीमागे ७५० अधिक खर्चाचे ८०, म्हणजे ८३० रुपये लागतात. दर झाला ८५०, आणि रिक्षाभाडं प्रत्यक्ष होईल तेवढं वेगळं. हा आकडा ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे आणि गरजेप्रमाणे बदलेल, पण बेरीज करण्याची रीत हीच.

पण या बेरजेतून आपल्याला काय परवडतं एवढंच कळतं. समोरच्याला ते पटेल का, हे कळायला भाच्याकडे परत यावं लागतं.

"या सेवेला किती द्याल?" असं शेजाऱ्यांना विचारून उपयोग नाही. भिडेपोटी कुणी जास्त सांगेल, सवयीने कुणी कमी. त्याऐवजी मागच्या खेपेबद्दल विचारावं. गेल्या वेळी सोबत कोण आलं होतं? त्याने रजा टाकली होती का? तारीख कधी पुढे ढकलावी लागली का? अशा प्रश्नांवर खरी माहिती बाहेर येते. भाचा ठाण्याहून आला, त्याचा अर्धा दिवस बुडाला, तिसऱ्यांदा बोलवायला काकूंना संकोच वाटला आणि डोळ्यांची तपासणी दोन महिने राहिली. फुकट मदतीची किंमत रजेत, संकोचात आणि राहून गेलेल्या तारखांमध्ये मोजली जाते. ज्या घरी भाचा दर वेळी हसतमुखाने येतो, ते घर आपलं गिऱ्हाईक नाही. तिथे दर कमी करून शिरायला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायची. सेवा घेणारा आणि पैसे देणारा हे अनेकदा वेगळे असतात. काका तुलना भाच्याशी करतात, पण बंगळुरूला असलेला मुलगा ती स्वतःच्या एका दिवसाच्या रजेशी आणि प्रवासाशी करतो. म्हणून दराचं बोलणं त्याच्याशी करावं, आणि काकांना माहीत असताना करावं. त्यांच्या मागे ठरवलं तर ते पहिल्याच सकाळी म्हणतात, "मला सोबत नको."

दरासोबत त्यात काय येतं तेही कागदावर असावं. घरापासून घरापर्यंत चार तास, पुढच्या प्रत्येक तासाला १५० रुपये. रांगेत नंबर लावणं, औषधं बिलासह आणणं, नोंद कळवणं हे दरात आलं. रुग्णाला उचलणं, इंजेक्शन देणं, ऑपरेशनच्या संमतीवर सही करणं आणि एटीएमचा पिन सांभाळणं यात नाही. सही रुग्णाची स्वतःची लागते, आणि त्याला ती करणं शक्य नसेल तर ते काम भाच्याकडेच राहिलेलं बरं.

या धंद्यातली खास अडचण मात्र वेगळीच आहे. सकाळी साडेनऊला फोन येतो, "भाचा आलाय गं, आज राहू दे." सुनंदाताईंची सकाळ गेली, दुसरं कामही त्यांनी घेतलेलं नसतं. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून हवा: आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर काही नाही, त्यानंतर कळवलं तर २०० रुपये. एकदा माफ करावं, पण माफ केलं हे बोलून दाखवावं.

सुरुवातीला सवलत द्यायचीच असेल तर ८५० हा आकडा आधी सांगावा आणि मग "पहिल्या तिघांना ६००" म्हणावं. पहिला ऐकलेला आकडा डोक्यात बसतो. आज ३०० सांगून सहा महिन्यांनी ८५० मागितले तर शेजारी फसवल्यासारखं बोलतात. कुणाला ८५० जड जात असेल तर काम लहान करावं. पेन्शनर दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला देतात. बँक जवळ असेल तर जाऊन येऊन दोन तासांचं हे काम ४५० रुपयांत बसतं. इथे दर तोच राहिला, फक्त तास कमी झाले.

पहिली आठ-दहा माणसं विचारून गेली की आकडा तपासावा. सगळे ताबडतोब हो म्हणाले तर बहुधा दर कमी लागला आहे. नाही म्हणणाऱ्यांनी पुढे काय केलं ते पाहावं. भाचा आला असेल तर दराचा दोष नाही. जाणंच टाळलं असेल, तर एक तर दर जास्त आहे किंवा अजून विश्वास बसलेला नाही.

आणि काकू? त्या म्हणणारच, "अगं, आपलीच ना तू!" त्यावर सुनंदाताईंनी एवढं सांगावं: "काकू, खालून गोळ्या आणून देते तेव्हा मी शेजारीण. पूर्ण सकाळ जाते तेव्हा मी कामावर असते."

तुमच्या इमारतीत कुणी असं काम सुरू केलं असेल आणि दर ऐकून भाच्याचं नाव तुमच्या ओठांवर आलं, तर आधी त्यालाच फोन करून विचारा: गेल्या वर्षात आपल्यासाठी त्याने किती रजा टाकल्या?