एकाच बिलाचे पैसे दोनदा : बँकेच्या अदायगी-यादीतून ते कसे सापडतात



वार्षिक सभेत आपण ताळेबंद हातात घेतो, नफा-तोटा पाहतो, उसाच्या दराचे विचारतो आणि जेवायला जातो. पुरवठादारांच्या बिलांकडे कुणी बघत नाही. बारदान, चुना, गंधक, मिलचे सुटे भाग, तोडणी-वाहतूक, दुरुस्ती अशी शेकडो बिले हंगामात निघतात. त्यातले एखादे बिल दोनदा दिले गेले तर कुणाच्या लक्षात येणार? पुरवठादार बहुधा बोलत नाही. बोलला तर उशिरा बोलतो.

पूर्वी चेक निघत. सहीला आलेला कागद दोघे-तिघे वाचत असत. आता चारशे-पाचशे नावांची एक फाईल तयार होते, ती बँकेच्या संगणकावर चढते आणि एका मंजुरीत सगळ्यांचे पैसे जातात. संध्याकाळी बँकेकडून यादी येते : लाभार्थ्याचे नाव, खाते क्रमांक, आय.एफ.एस.सी., रक्कम, व्यवहाराचा यु.टी.आर. क्रमांक आणि पैसे पोहोचले की परत आले ती नोंद. दुबार अदायगी शोधायची ती या यादीत. तपासनीस म्हणून मी एका कारखान्यात हे काम केले. तिथले एक प्रकरण सांगतो, म्हणजे सगळा प्रकार ध्यानात येईल.

प्रथम आम्ही सोपी चाळणी लावली. बिल क्रमांक, रक्कम आणि लाभार्थ्याचे खाते ही तिन्ही ज्या दोन ओळींत सारखी, त्या बाजूला काढल्या. तशा चार जोड्या निघाल्या. चारही निर्दोष ठरल्या. पहिल्यांदा पाठवलेले पैसे खाते क्रमांक चुकल्याने परत आले होते, म्हणून दुरुस्त करून दुसऱ्यांदा पाठवले होते. यादीत ओळी दोन दिसतात, पण बँकेच्या खातेउताऱ्यावर परतीची जमा असते. ती जमा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये. आणि जमा नसेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे. 'प्रलंबित' असा शेरा पाहून कारकुनाने घाईने पुन्हा पैसे पाठवले आणि नंतर दोन्ही पोहोचले, असेही घडते.

तिन्ही गोष्टी जुळल्या की दुबार पेमेंट पकडले, असे समजणारे बरेच आहेत. माझ्या मते ती सर्वांत कमी कामाची चाळणी. फार तर एकच फाईल नाव बदलून दोनदा चढली असेल तर ती त्यात सापडेल. खरा घोळ वेगळ्याच वाटेने येतो. आमच्याकडे तो असा आला.

मिलच्या रोलरची दुरुस्ती करणारा एक कारखानदार, मालक एकटाच. जुलै २०२४ मध्ये त्याने बिल दिले. काम १,५०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जी.एस.टी. २७,०००, एकूण १,७७,०००. बिलावर क्रमांक होता `GE-118/24-25`. अभियांत्रिकी विभागाने ते दुरुस्तीचे काम म्हणून मंजूर केले, त्यामुळे मूळ रकमेवर एक टक्का आयकर म्हणजे १,५०० रुपये कापले गेले. देय राहिले १,७५,५००. त्याचेच दुसरे एक बिल होते, निव्वळ ४६,८०० रुपयांचे. दोन्ही मिळून ऑगस्टमध्ये एकाच ओळीत २,२२,३०० रुपये त्याच्या खात्यावर गेले.

तिकडे या गड्याला पैसे आल्याचे नीट उमगले नाही, कारण त्याच्या वहीत एवढ्या रकमेचे एकही बिल नव्हते. त्याआधीच, पैसे येईनात म्हणून, त्याने बिलाची एक प्रत भांडार विभागाकडे दिली होती. भांडाराने ती 'सुट्या भागांची खरेदी' समजून पुढे पाठवली. भांडाराच्या यादीत त्याचे नाव वेगळ्या स्पेलिंगने, वेगळ्या क्रमांकाखाली आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्यासह होते. कारकुनाने बिल क्रमांक नुसता `118` टाकला. खरेदी म्हटल्यावर आयकर कापला नाही. सप्टेंबरमध्ये पूर्ण १,७७,००० रुपये गेले.

आता दोन ओळी शेजारी ठेवून बघा. एकीकडे २,२२,३०० आणि दुसरीकडे १,७७,०००. खाती वेगळी, बिल क्रमांक वेगळा, नावही जरा वेगळे. तिन्ही कसोट्यांवर ही जोडी सहीसलामत सुटते. शिवाय दोन्ही ओळी वेगवेगळ्या महिन्यांच्या याद्यांत. एका दिवसाची यादी कितीही बारकाईने वाचली तरी ही चूक दिसली नसती. त्यासाठी निदान एका आर्थिक वर्षाच्या याद्या एकाखाली एक जोडाव्या लागतात.

मग सापडली कशी? आम्ही अदायगीच्या ओळी मोडून बिलांच्या ओळी केल्या. बँकेच्या यादीत एकत्रित रक्कम असते. तिच्यामागे कोणती बिले आहेत ते आपल्या व्हाउचरांच्या नोंदीत मिळते. यु.टी.आर. आणि तारीख धरून दोन्ही जोडले की २,२२,३०० च्या एका ओळीच्या दोन ओळी झाल्या. त्यानंतर दिलेल्या रकमेऐवजी कापाकापीपूर्वीची बिलाची मूळ रक्कम लिहिली. लगेच पहिली ओळ १,७७,००० ची झाली आणि दुसरीही तेवढ्याचीच.

राहिले खाते. माणूस दोन खाती ठेवू शकतो, पण एका राज्यातल्या एका धंद्याचा जी.एस.टी. क्रमांक सहसा एकच असतो. पंधरा अक्षरी क्रमांक, त्यात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत त्याचा पॅन. म्हणून जोडी शोधताना खात्याऐवजी जी.एस.टी. क्रमांक धरला. संगणकाच्या तक्त्यात C स्तंभात जी.एस.टी. क्रमांक आणि E स्तंभात बिलाची मूळ रक्कम ठेवली, तर हे सूत्र पुरते :

```
=COUNTIFS($C$2:$C$900,C2,$E$2:$E$900,E2)
```

उत्तर १ आले तर ठीक. २ किंवा अधिक आले की ती बिले प्रत्यक्ष काढून बघायची. आम्हाला एकतीस ओळी मिळाल्या. त्यातल्या बहुतेक दरमहा सारख्या रकमेच्या होत्या, भाड्याच्या आणि देखभाल कराराच्या. बिलाची तारीख पाहिली की त्या गळतात. उरलेल्यांत हा रोलरवाला बसलेला होता. दोन्ही व्हाउचरांमागचे कागद काढले तर एकच बिल, एकावर मूळ प्रत आणि दुसऱ्यावर झेरॉक्स.

बिल क्रमांकाबद्दल थोडे सांगायला हवे. जी.एस.टी. नियमांप्रमाणे तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसतो आणि एका पुरवठादाराचा एका आर्थिक वर्षात पुन्हा येत नाही. ही मोठी सोय आहे. पण कारकून तो जसाच्या तसा टाकील तर ना. कुणी आडवी रेघ गाळतो, कुणी वर्ष गाळतो, कुणी शून्ये वाढवतो. रेघा आणि मोकळ्या जागा काढून क्रमांक साफ करता येतात, पण त्यालाही मर्यादा आहे. `1/12` आणि `11/2` हे दोन वेगळे क्रमांक साफ केल्यावर दोन्ही `112` होतात, उलट `118` आणि `GE-118/24-25` साफ करूनही जुळत नाहीत. म्हणून बिल क्रमांकावर पहिली चाळणी लावू नये. आधी रक्कम आणि पुरवठादार पाहावा, मग बिल क्रमांक डोळ्यांनी वाचावा.

खाते क्रमांकाची तऱ्हा आणखी निराळी. एक्सेलमध्ये यादी थेट उघडली की संगणक खाते क्रमांकाला संख्या समजतो. सुरुवातीची शून्ये जातात, आणि पंधरा अंकांनंतरचा प्रत्येक अंक शून्य होऊन बसतो. मग सोळा अंकी दोन निराळी खाती एकसारखी दिसतात आणि बिचाऱ्या भल्या माणसावर संशय येतो. एकदा पुसलेला अंक परत मिळत नाही, म्हणून यादी घेतानाच तो स्तंभ 'मजकूर' म्हणून घ्यावा. एवढे करूनही वरचे `COUNTIFS` सूत्र अंकांसारख्या दिसणाऱ्या मजकुराला पुन्हा संख्या मानते. यावर साधा तोडगा असा की शेजारच्या स्तंभात खाते क्रमांकापुढे एक अक्षर चिकटवावे आणि तुलना त्या स्तंभावर करावी :

```
="A"&F2
```

एकच बिल आणि एकच रक्कम, पण खाते वेगळे, अशी जोडी आली तर सर्वांत जास्त सावध व्हावे. पुरवठादाराच्या नावाने 'आमचे खाते बदलले' असे पत्र किंवा ई-मेल पाठवून पैसे दुसरीकडे वळवण्याची फसवणूक इथेच दिसते. बँक पैसे जमा करते ते खाते क्रमांकावर, नावावर नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून आर.टी.जी.एस. व एन.ई.एफ.टी. करण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ती वापरावी. पुरवठादाराला फोन करायचा तो आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर, पत्रावर छापलेल्या नंबरवर नव्हे.

रोलरवाल्याचे पुढे काय झाले? त्याने वाद घातला नाही. त्याच्या वहीत ती रक्कम 'आगाऊ आलेली' म्हणून पडून होती. त्याच्या पुढच्या बिलातून १,७७,००० वळते करून घेतले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये किमान दर ठरला आहे. त्या हिशेबाने ही जवळजवळ पन्नास टन उसाची रक्कम झाली. एखाद्या अर्ध्या एकराच्या सभासदाचा सगळा ऊस तेवढा भरत नाही.

याच प्रकरणात आणखी एक खूण होती, ती आम्हाला मागाहून दिसली. पुरवठादाराने भरलेल्या माहितीवरून शासनाच्या संकेतस्थळावर जे जी.एस.टी. जमेचे पत्रक निघते, त्यात ते बिल एकदाच होते. आपल्या वहीत ते दोनदा. म्हणजे २७,००० रुपयांची जमा कुठेच न जुळता लोंबकळत होती. हिशेब विभागात ती 'नंतर बघू' या यादीत दोन महिने पडली. ती वेळेवर पाहिली असती तर एकतीस ओळी उपसायची वेळ आली नसती.

सभासदांपैकी ज्यांना सभेत विचारायचे असेल त्यांनी एवढेच विचारावे : देणेकऱ्यांच्या यादीत ज्या पुरवठादारांच्या खात्यावर नावे बाकी आहे, म्हणजे आपणच त्यांच्याकडून घेणे आहोत, ते किती आणि कोणते? काहींना खरोखर उचल दिलेली असते, तिचा करार असतो. करार नसलेली नावे बाकी दिसली तर त्या खात्याचा उतारा मागावा आणि पुरवठादाराकडून बाकी-खात्रीचे पत्र आले आहे का ते पाहावे. मात्र रोलरवाल्याची बाकी तिथेही दिसली नसती, कारण दुसरे बिल रीतसर नोंदून त्याचे पैसे दिले होते. त्याचे खाते दोन्हीकडे शून्यावर होते.